दहावी आणि जर्मन बी१ : बाईंना पाठवायच्या पत्राचा मसुदा, मतं हवीत

मांजलपूरची_आई

नमस्कार मंडळी, बडोद्याहून लिहितेय. लेक १५ वर्षांची, सीबीएसई, दहावीत. जर्मन शिकते. मे महिन्यात मुंबईला जाऊन ए२ पातळीची परीक्षा दिली, १०० पैकी ७२ आले. जूनच्या मध्यापासून शिकवणीच्या त्याच बाईंकडे पुढची पातळी, बी१, सुरू आहे, आठवड्यातून दोनदा, दीड-दीड तास.

ह्यांचं म्हणणं, डिसेंबरमध्ये बी१ उरकून टाकायची म्हणजे जानेवारीपासून फक्त बोर्ड. लेकीचं म्हणणं "बघू". बाई फार चांगल्या आहेत, पण एक बॅच सुटते तोवर दुसरी दारात उभी असते, फोनवर नीट बोलणंच होत नाही. म्हणून पत्र लिहायचं ठरवलंय. मसुदा असा :

"आदरणीय मॅडम, सप्रेम नमस्कार. आपल्या मार्गदर्शनामुळे तिला जर्मनची गोडी लागली याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत. तिने येत्या डिसेंबरमध्ये बी१ द्यावी अशी आमची इच्छा आहे. ती हुशार आहे, पण थोडी आळशी आहे हे आपल्याला माहीत आहेच. दहावीच्या अभ्यासावर परिणाम न होता ८०च्या वर गुण मिळतील असं वास्तववादी वेळापत्रक कृपया करून द्यावं. रोज किती वेळ बसावं, कोणती पुस्तकं घ्यावीत, आणि आम्ही पालकांनी काय करावं, हेही कळवावं."

काही राहिलंय का? फार लांबलंय का?

इंदूरी_जिरावण

ताई, लांबलेलं नाही, पण यावर बाईंचं उत्तर मी आत्ताच सांगतो : "होईल हो, रोज एक तास बसू दे, काळजी करू नका." तुम्ही प्रश्नच असा विचारलाय की दुसरं काही लिहायला जागा नाही. माझ्या मुलाच्या संस्कृतच्या सरांना मी असंच पत्र दिलं होतं, उत्तरात "नियमित सराव आवश्यक" आलं. फ्रेम करून लावायचं राहिलंय.

केतन_वि

गणित सरळ आहे. बी१ला ३५० ते ६५० तास लागतात असं ही परीक्षा घेणाऱ्या गटे इन्स्टिट्यूटच्या साइटवरच दिलेलं आहे. कमीत कमी ३५० धरा. ऑगस्ट ते डिसेंबर साधारण १४० दिवस. म्हणजे रोज अडीच तास. दहावीच्या मुलीला शक्य नाही. विषय संपला.

आणि दुसरं म्हणजे १६च्या खालच्या मुलांना वेगळा पेपर असतो, तो सोपा असतो. तोच द्या.

लष्करकर

ग्वाल्हेरहून नमस्कार. आमच्या भाचीने सीबीएसईला जर्मन घेतलं होतं, तिला शंभरपैकी सत्त्याण्णव. सोपं असतं. मागच्या वर्षांचे पेपर सोडवायचे आणि शाळेचं पुस्तक पाठ करायचं, बी१ वगैरेचं टेन्शन कशाला? बोर्डात स्कोरिंग विषय आहे.

मांजलपूरची_आई

@लष्करकर काका, शाळेत तिचं जर्मन नाही, संस्कृत आहे. ही बाहेरची परीक्षा, गटे इन्स्टिट्यूटची. पाठ करायला पुस्तक असतं तर मी इथे आलेच नसते :)

@केतन, अडीच तास वाचून घरात एक जण खूश आणि एक जण पांढरा झालाय. कोण कोण ते सांगत नाही.

रावपुरा_रोड

मी बडोद्यातच जर्मन शिकवते. तुमच्या बाई मी नाही, निश्चिंत असा. अशी पत्रं मलाही येतात, म्हणून वाचणाऱ्या बाजूने लिहिते.

आधी केतन यांच्या गणिताबद्दल. ३५० ते ६५० हा आकडा बरोबर आहे, पण ते घड्याळी तास नाहीत, ४५ मिनिटांच्या तासिका आहेत. शिवाय ते शून्यापासून धरलेत. ए२पर्यंत २०० ते ३५० तासिका धरतात आणि ही मुलगी ते करून बसली आहे. म्हणजे पुढचा टप्पा ढोबळमानाने १५० ते ३०० तासिकांचा. तिचे दीड-दीड तासाचे दोन वर्ग म्हणजे आठवड्याला चार तासिका. जूनच्या मध्यापासून आत्तापर्यंत चोवीसेक झाल्या असतील.

आता डिसेंबरकडे बघू. ऑगस्टपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत एकोणीस-वीस आठवडे आहेत. पण हे बडोदं आहे. नवरात्राच्या नऊ रात्री गरबा, दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात बसलेल्या मुलीला मी आजवर एकही नवा नियम शिकवू शकलेली नाही. तो आठवडा आणि त्याच्या पुढचे दोन दिवस सोडा. दिवाळीचे दोन आठवडे, सहामाहीचे दोन, प्री-बोर्डचा एक, घरी गणपती असेल तर आणखी थोडे. तेराच्या आसपास आठवडे उरतात. तेरा चोक बावन्न. आधीच्या चोवीस धरून ७६. दीडशेच्या निम्म्या. त्यामुळे डिसेंबर नाही, हे केतन यांचं उत्तर बरोबरच निघतं, फक्त वाट वेगळी आहे. आणि वाट महत्त्वाची, कारण तुम्ही बाईंना "रोज अडीच तास" असं लिहिलंत तर त्या तेवढ्यावरच अडकतील.

पेपराबद्दल : किशोरवयीन मुलांची आवृत्ती वेगळी असते हे खरं, १२ ते १६ वयासाठी. विषय त्यांच्या वयाचे असतात, शाळा, मित्र, सुट्टी वगैरे. पण रचना तीच, पातळी तीच, प्रमाणपत्राचं वजन तेच. सोपी नाही. विमा आणि घरभाड्याबद्दल वाचावं लागत नाही एवढंच.

आता तुम्ही एक करा. ए२च्या प्रमाणपत्रावर चार भागांचे वेगवेगळे गुण छापलेले असतात. ते इथे टाका. ७२ने मला काहीच कळत नाही.

केतन_वि

तासिका ४५ मिनिटांची असली तरी घरचा अभ्यास त्यात धरलेला नसतो. तो धरला की माझाच आकडा येतो.

रावपुरा_रोड

घरचा अभ्यास वेगळा लागतो, मान्य. पण घरचा अभ्यास म्हणजे वर्ग नव्हे, दोन्हींची बेरीज करून रोजच्या दिवसांनी भागता येत नाही. असो.

मांजलपूरची_आई

प्रमाणपत्र काढलं. वाचन २५ पैकी २२, ऐकणं २०, लेखन १३, बोलणं १७.

रावपुरा_रोड

हेच बघायचं होतं.

ए२ला सगळे गुण एकत्र मोजतात. लेखी तीन भाग मिळून ७५ पैकी ४५ हवेत, तोंडी २५ पैकी १५ हवेत, आणि एकूण ६०. तुमच्या लेकीचे लेखी ५५ होतात, झकास पास. पण लेखन एकट्याने बघितलं तर १३, म्हणजे ५२ टक्के. तिच्या वाचनाने लेखनाला पदराखाली घेतलं.

बी१ला ही सोय नाही. तिथे वाचन, ऐकणं, लेखन, बोलणं ही चार स्वतंत्र मॉड्यूल. प्रत्येकाला १०० गुण, प्रत्येकात ६० हवेत. वाचनात ९५ मिळाले तरी लेखनातले ५५ ते ५५च राहतात. म्हणून "८०च्या वर गुण हवेत" हे वाक्य पत्रातून काढाच, बी१ला असा एक आकडाच नसतो. बाईंना विचारायचा प्रश्न एकच : लेखन साठच्या वर कधी जाईल आणि त्यासाठी काय करायचं. बाकी तीन भागांचं आपोआप होईल असं मी म्हणत नाही, पण अडणार आहे ते इथे.

याची दुसरी बाजू तुमच्या फायद्याची आहे. मॉड्यूल सुटी देता येतात, एखादं राहिलं तर तेवढंच परत देता येतं. कोणत्या तारखेला सुटी मॉड्यूल घेतात ते केंद्रागणिक बदलतं, म्हणून मुंबईला आधी विचारून घ्या.

बाईंना पत्र पाठवायच्या आधी घरी दोन कामं करा. गटेच्या साइटवर बी१चा किशोरांसाठीचा नमुना पेपर फुकट आहे, तो छापून घ्या. एका दिवशी वाचनाचा भाग, ६५ मिनिटं, घड्याळ लावून. ३० प्रश्न असतात, उत्तरं शेवटी दिलेली आहेत, तुम्ही स्वतः तपासू शकता. १८ बरोबर म्हणजे बरोबर ६०. दुसऱ्या दिवशी लेखनाचा फक्त पहिला प्रश्न : मित्राला ईमेल, साधारण ८० शब्द, २० मिनिटं. शब्दकोश नाही, मोबाइल दुसऱ्या खोलीत. जे होईल ते, दुरुस्त न करता, फोटो काढून पत्राला जोडा. तुमच्या अख्ख्या पत्रापेक्षा तो एक फोटो बाईंना जास्त सांगेल.

सयाजीबाग

विषयाला धरूनच विचारतो. माझा पुतण्या नर्सिंग करून जर्मनीला जायचं म्हणतोय. एजंट म्हणतो बी१ पुरे. चार महिन्यांत होईल का? आत्ता ए१ही नाही.

रावपुरा_रोड

@सयाजीबाग, ए१ही नसताना चार महिन्यांत बी१, दिवसभराच्या वर्गाला बसून, घरी दुसरं काही न करता, एखादा करतो. एजंटाने काय कबूल केलंय ते लेखी घ्या. सविस्तर बोलायचं तर वेगळा धागा काढा, इथे या ताईंचं पत्र हरवेल.

इंदूरी_जिरावण

एक मूलभूत शंका. दहावीत बी१ हवंच कशाला? दोन वर्षं थांबलं तर काय बिघडतं?

मांजलपूरची_आई

@इंदूरी, मोठा भाचा जर्मनीत शिकतो, त्याने ह्यांच्या डोक्यात भरवलंय की लवकर केलेलं बरं. बारावीनंतर तिकडे जायचं असं काही नक्की नाही. तिला स्वतःला आवडतं हे मात्र खरं. जर्मन मुलींशी चॅट करते, त्यात "थोडी आळशी" अजिबात दिसत नाही.

रावपुरा_रोड

इंदूरकरांचा प्रश्न पत्राच्या पहिल्या ओळीत यायला हवा. जर्मन माध्यमातून पदवी करायची तर साधारण सी१ लागतं, बी१ ही वाटेतली पायरी. गटेच्या प्रमाणपत्राला मुदत नसते, पण मागणारी संस्था बरेचदा ते जुनं नसावं अशी अट घालते. म्हणजे दहावीत घाईने मिळवलेलं प्रमाणपत्र बारावीनंतर उपयोगी पडेलच असं नाही. तेव्हा तारीख कोणी मागितलेली नाही, ती घरात ठरली आहे, हे बाईंना स्पष्ट कळू दे. शिक्षक तारखेला फार घाबरतो. कोणा विद्यापीठाची तारीख असेल तर तो एका पद्धतीने शिकवतो, घरची असेल तर दुसऱ्या. माहीत नसेल तर पहिली पद्धत धरतो, म्हणजे नमुना पेपरांचा रतीब सुरू.

आणि "आळशी" काढा हो. मुलगी ते पत्र वाचणारच आहे.

मांजलपूरची_आई

शनिवार-रविवारी दोन्ही कामं केली. वाचनात ३० पैकी १५. ईमेल लिहिला वीस मिनिटांत, शब्द मोजले तर ४६. प्रश्नात तीन मुद्दे होते : वाढदिवसाला काय झालं ते सांग, सर्वात आवडलेली भेट कोणती आणि का, आणि भेटायचं ठरव. तिसऱ्याला हातच लावला नाही. विचारलं तर म्हणे वेळ संपला. मी बाजूलाच बसले होते, पहिल्या वाक्यावर सात-आठ मिनिटं गेली. लिहायची, खोडायची.

आता रडू की हसू?

रावपुरा_रोड

काहीच नको, एवढं उत्तम निदान मलाही वर्गात सहा आठवड्यांनी होतं.

४६ शब्द का खटकले पाहिजेत ते सांगते. लेखनात प्रत्येक प्रश्न चार निकषांवर तपासतात : मागितलेलं लिहिलंय का, सलगपणा, शब्दसंपत्ती, व्याकरण. पहिल्या निकषात शून्य पडलं तर त्या प्रश्नाचे सगळेच गुण शून्य, व्याकरण कितीही शुद्ध असो. आणि मागितलेल्या शब्दांच्या निम्म्याहून कमी लिहिलं तर ते शून्य पडतं. म्हणजे चाळीसची रेषा, ती सहा शब्दांनी वाचली. पहिला प्रश्न ४० गुणांचा असतो, दुसरा मत मांडण्याचा ४०चा, तिसरा छोटा औपचारिक ईमेल २०चा. पहिल्यात शून्य आलं तर उरलेल्या ६० पैकी ६० मिळवावे लागतील.

तुमची लेक चुका टाळते म्हणून अडते. हे लक्षण मला ओळखीचं आहे. शाळेत लाल शाईची सवय झालेली हुशार मुलं असंच लिहितात. तिचं व्याकरण बहुधा बरं असेल, हात चालत नाही. याला उपाय व्याकरणाचं जाड पुस्तक नव्हे. आठवड्यात दोन ईमेल, वीस मिनिटांची घंटा, खोडायला मनाई, तिन्ही मुद्द्यांना आधी एकेक वाक्य, मग उरलेल्या वेळात वाढव. बाईंनी तपासताना पहिला महिना फक्त एवढंच बघावं की तिन्ही मुद्दे आले का आणि शब्द साठच्या वर गेले का. चुका नंतर. हे मी माझ्या वर्गात करते, तुमच्या बाई वेगळं सांगतील तर त्यांचं ऐका, त्या तिला ओळखतात.

फोटोत एक दिसलं असेल तर बघा, "वाइल" म्हणजे "कारण", त्याच्यानंतर क्रियापद वाक्याच्या शेवटी जायला हवं, ते ती मध्येच ठेवते का? जवळजवळ सगळे ठेवतात. गंमत म्हणजे मराठीत क्रियापद शेवटीच असतं, पण मुलं मनात इंग्रजी वाक्य जुळवून मग जर्मन लिहितात, तिथे घोळ होतो.

मांजलपूरची_आई

ठेवलंय. दोन्ही ठिकाणी.

केतन_वि

माझं मत अजूनही तेच. आत्ता बंद करा, बोर्ड झाल्यावर मार्चपासून सुरू. मध्ये मध्ये करून दोन्हीकडे अर्धवट.

रावपुरा_रोड

पूर्ण बंद केलं तर मार्चमध्ये ए२ची उजळणी करण्यात महिना जातो, दर वर्षी बघते. सगळ्यात आधी कान जातो. जानेवारी ते मार्चच्या मध्यापर्यंत वर्ग थांबवावेत हे मात्र मला पटतं. त्या काळात आठवड्यात दोनदा पंधरा-वीस मिनिटं काहीतरी ऐकणं, एवढंच. लिहायचं नाही, गृहपाठ नाही.

मग एप्रिल ते जूनचा पहिला आठवडा धरा, दहा आठवडे, आठवड्याला पाच दिवस दीड तास. त्या शंभर तासिका. आधीच्या ७६ आणि या १०० मिळून १७६. म्हणजे १५० ते ३००च्या खालच्या टोकाला. चपळ मुलीला जमू शकेल, जमेलच असं नाही. अकरावी एप्रिलमध्येच सुरू करणारी शाळा असेल तर हे दहा आठवडेही पूर्ण मिळणार नाहीत, तेही बाईंना सांगा.

माझा सल्ला, जूनअखेर वाचन आणि ऐकणं ही दोन मॉड्यूल, लेखन आणि बोलणं अकरावीच्या दिवाळीच्या मागेपुढे.

मांजलपूरची_आई

पत्र पुन्हा लिहिलंय. ह्यांना वाचून दाखवलं. डिसेंबर सोडायला तयार झाले, तेराचा पाढा म्हणून दाखवल्यावर.

"प्रिय मॅडम, स. न. वि. वि.

तिच्या बी१बद्दल आपलं मत हवं आहे. प्रमाणपत्र अमुक तारखेपर्यंत हवं असं आम्हाला कोणीही सांगितलेलं नाही. तिला भाषा आवडते आणि ती सुटू नये, एवढाच हेतू आहे.

तिचे ए२चे भागवार गुण : वाचन २२, ऐकणं २०, लेखन १३, बोलणं १७. गेल्या आठवड्यात घरी वेळ लावून बी१चा नमुना घेतला. वाचनात ३० पैकी १५ आले. लेखनाचा पहिला प्रश्न तिने वीस मिनिटांत जसा लिहिला तसा सोबत जोडला आहे, आम्ही हात लावलेला नाही.

तिच्याकडे खरोखर असलेला वेळ असा. डिसेंबरच्या मध्यापर्यंत आपले दोन वर्ग, नवरात्र, दिवाळी आणि शाळेच्या परीक्षा सोडून. त्याशिवाय घरी आठवड्याला दीड तास, त्याहून जास्तीचं आम्ही कबूल केलं तरी ती करू शकणार नाही. जानेवारी ते बोर्डाचा शेवटचा पेपर, वर्ग बंद ठेवावेत अशी विनंती. एप्रिलपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आठवड्याला पाच दिवस, पण एप्रिलच्या शेवटी घरात लग्न आहे, तो आठवडा धरू नये.

आपल्याकडून तीन गोष्टी कळल्या तर बरं होईल. लेखन सुधारण्यासाठी घरच्या दीड तासात नेमकं काय करावं? नोव्हेंबरअखेर आणि मेच्या मध्यात तिने नमुना पेपरात कुठवर पोचलेलं असावं, म्हणजे जूनसाठी फॉर्म भरावा की थांबावं हे ठरवता येईल? आणि चारही मॉड्यूल एकदम द्यावीत की दोन-दोन?

आपण 'एवढ्यात नको' म्हणालात तरी आम्हाला चालेल.

ता. क. तिला स्वतः एक ओळ लिहायची आहे म्हणते : 'मॅम, मला बोलायची परीक्षा अनोळखी पार्टनरबरोबर द्यायची भीती वाटते, तेवढं सांगा.'"

इंदूरी_जिरावण

ता. क. सगळ्यात भारी. बाकी पत्र नसतं तरी चाललं असतं.

रावपुरा_रोड

पाठवा. एकच बदल : "घरी आठवड्याला दीड तास" याच्या पुढे कोणते दिवस तेही लिहा. "बुधवार आणि शनिवार, पाऊण-पाऊण तास" असं असलं की बाई त्यावर गृहपाठ बेततात. नुसते तास लिहिले की ते रविवारी रात्री गोळा होतात.

लेकीला सांगा, बोलण्याच्या परीक्षेत दोघं असतात हे खरं, पण गुण ज्याचे त्याचे. पहिल्या भागात दोघांनी मिळून काहीतरी ठरवायचं असतं, सहल म्हणा, एखाद्या मित्राला भेटायला जाणं म्हणा. पार्टनर गप्प बसला तर "तुला काय वाटतं?" एवढं विचारता आलं तरी तिचं काम होतं. पंधरा मिनिटांत मधला भाग प्रत्येकाचा स्वतंत्र असतो, पाच छोट्या स्लाइडवर विषय मांडायचा, तिथे पार्टनरचा संबंध फक्त शेवटी प्रश्न विचारण्यापुरता.

लष्करकर

भाचीशी बोललो, ती म्हणते मामा तुम्ही काहीच्या काही सांगितलंत. शाळेचं जर्मन वेगळं. तिने बारावीनंतर ए२ दिली तेव्हा ऐकण्यात धाप लागली होती.

मांजलपूरची_आई

बाईंचं उत्तर आलं, दोन पानी! इतकं पहिल्यांदाच. थोडक्यात सांगते.

डिसेंबर नको, यावर त्यांचं काही दुमत नाही. बुधवारी ईमेल आणि शनिवारी मत मांडायचा प्रश्न, दोन्ही घंटा लावून, फोटो त्याच रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर. दिवाळीपर्यंत त्या फक्त मुद्दे आणि शब्द बघणार, लाल शाई नाही. (@रावपुरा_रोड, तुम्ही एकमेकींना ओळखता का?) नोव्हेंबरअखेर वाचनात १८ आणि ईमेलमध्ये तिन्ही मुद्दे, ७० शब्द. मेच्या मध्यात वाचन आणि ऐकणं दोन्हीत ३० पैकी २२, आणि लेखनाचा पूर्ण पेपर एका तासात लिहून त्यांच्या मोजणीने ६५. त्याखाली असेल तर फॉर्म भरायचा नाही, पैसे वाचवा म्हणाल्या.

एका ठिकाणी त्यांचं मत इथल्यापेक्षा वेगळं आहे. चारही एकदम नकोत, पण बोलणं वाचन आणि ऐकण्याबरोबर जूनमध्येच. त्यांचं म्हणणं, उन्हाळ्यात रोज दीड तास बोलून तोंड मोकळं झालेलं असतं, अकरावीत ती आठवड्याला एकदा येईल तेव्हा ते पुन्हा बंद होईल. लेखन एकटं मागे ठेवा, ते घरी बसून टिकवता येतं.

रावपुरा_रोड

ओळखत नाही, पण नाव कळलं तर चहा पाजीन.

बोलण्याबद्दल त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. माझी अडचण वेगळी आहे. जूनमध्ये तीन मॉड्यूल म्हणजे मेच्या शेवटच्या आठवड्यांत तीन वेगळ्या तयाऱ्या, आणि ए२ला बोलण्यात तिचे १७ होते, म्हणजे तेही काही पक्कं नाही. बोलणं जूनमध्ये घ्यायचंच तर मेच्या मध्यातल्या कसोटीत बोलण्याचीही एक पूर्ण फेरी हवी, बाईंच्या दुसऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला पार्टनर म्हणून बसवून. तसं काही त्यांनी लिहिलंय का?

मांजलपूरची_आई

नाही लिहिलं. विचारते. त्यांच्याकडे त्याच पातळीवरचा एक मुलगा आहे, पण तो वडोदऱ्यात नाही, आणंदहून ऑनलाइन असतो. ऑनलाइन चालेल का पार्टनर म्हणून?

रावपुरा_रोड

न बसण्यापेक्षा बरं. पण परीक्षेत समोरचा माणूस बोलत असताना मध्येच शिरायचं असतं, आणि ऑनलाइन दोघंही सभ्यपणे वाट बघत बसतात. एकदा तरी आणंदची गाडी पकडायला सांगा त्याला.

केतन_वि

दहावीत प्रवास आता. वा.

इंदूरी_जिरावण

केतनभाऊ, आणंद ते बडोदं तासाभराचं आहे. इंदूरहून दिल्ली नाही सांगत कोणी.